पार्लरची खुर्ची तासाला किती कमावते?

दोह्यात आपल्या ओळखीत एखादी तरी ताई, वहिनी असते जिच्या हाताला कला आहे आणि मनात पार्लर काढायचा विचार आहे. अशी जागा अल दुहैलमध्ये पाहिली, तर पहिला प्रश्न साधारण असा येतो: भाडं किती? माझा पहिला प्रश्न वेगळा असतो. खुर्चीचा एक तास आपल्याला कितीला पडतो? मी आयटीतला माणूस, हिशेबाच्या तक्त्यांत रमणारा, पण आजचा हिशेब वहीच्या एका पानावर मावतो. सोबत कागद-पेन्सिल घेतलीत तर उत्तम.

समजा, चार खुर्च्या आणि चार ब्युटिशियन आहेत. कतारच्या कामगार कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा आहे आणि आठवड्यातून एक सुट्टी द्यावीच लागते. म्हणजे महिन्याला २६ दिवस धरले, तर एका खुर्चीचे २०८ तास आणि चौघींचे मिळून ८३२ तास होतात. आता न चुकणारा खर्च मांडू. भाडं १५,००० रियाल, चौघींचे पगार राहण्या-जेवणासकट १२,०००, काउंटरवरच्या मुलीचे ३,००० आणि वीज, परवाने, इतर मिळून ३,२८०. एकूण ३३,२८०. हे आकडे उदाहरणासाठी धरले आहेत, तुमचे तुम्ही घाला. रीत तीच राहील.

सगळ्या खुर्च्या सगळा वेळ भरल्या, तर तास ४० रियालला पडतो. पण तसं कुठेच होत नाही. निम्मेच तास विकले गेले, तर तोच तास ८० रियालला पडतो. १०० पैकी ६५ तास विकले, तर सुमारे ६२ ला. आपलं भाडं कमी झालं नाही, पगार कमी झाले नाहीत, तरी तासामागचा खर्च १८ रियालनं उतरला. म्हणून भाड्यात हजार-पाचशेची घासाघीस करण्याआधी रिकामे तास मोजा. आठवडाभर वहीत प्रत्येक खुर्चीसमोर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटी आखा आणि काम झालं ती चौकट रंगवा. आठवड्याअखेरीस कागद स्वतःच बोलतो. इथं शुक्रवार-शनिवार सुट्टी असल्यामुळे गुरुवार संध्याकाळ बहुधा गच्च दिसेल आणि रविवार-सोमवारची सकाळ पांढरी.

आता मालाचा खर्च. हेअर कलरचे २५० रियाल घेतले आणि खुर्ची दोन तास अडली. ६० मिलीची ट्यूब ३० रियालची. डेव्हलपर, हातमोजे, फॉइल, शॅम्पू यांचे १५ धरू. म्हणजे माल ४५ चा. त्यावर ब्युटिशियनला विक्रीच्या दहा टक्के, म्हणजे २५. हाती राहिले १८०, तासाला ९०. शेजारच्या खुर्चीवर आयब्रो चालू आहेत, २० रियालला. बसणं-उठणं, पैसे देणं धरून एकीला पंधरा मिनिटं लागली, तर तासाला ८० ची विक्री होते. दोरा, पावडर आणि कमिशन वजा करता ७० उरतात.

निम्म्या भरलेल्या पार्लरचा तास ८० ला पडतो, म्हणून आयब्रो तोट्यात आहेत, बंद करा, असं कुणी म्हणेल. तसं नाही. सोमवारी सकाळी खुर्ची रिकामीच राहणार असेल, तर ते ७० रियाल सोन्यासारखे आहेत, कारण भाडं तसंही जाणारच होतं. पण गुरुवारी संध्याकाळी आयब्रोच्या रांगेमुळे कलरची बाई परत गेली, तर तासामागे २० रियाल गेले. म्हणून गर्दीच्या वेळी आयब्रोला एकच खुर्ची ठेवा. कलर मुरायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेव्हा त्या ब्युटिशियनचे हात मोकळे असतात. त्या वेळात ती आयब्रो सहज करू शकते. खुर्चीचा तास आणि हाताचा तास वेगळे लिहिलेत तर ही जागा सापडते.

मालाची गळती कुठे होते? दुसऱ्या ट्यूबमध्ये. लांब केसांसाठी दीड ट्यूब लागते आणि उरलेली अर्धी वाळून जाते किंवा वाटीत कालवून टाकून दिली जाते. उपाय साधा आहे. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा ठेवा आणि आखूड, मध्यम, लांब केसांना किती ग्रॅम कलर हे कार्डावर लिहून ठेवा. लांब केसांचा दरही वेगळाच लावा.

तिसरा मुद्दा: वेळ घेऊन न येणाऱ्या. समजा, आठवड्यात कलरच्या बारा वेळा ठरल्या आणि तिघी आल्या नाहीत. माल वाचला, कमिशन वाचलं, पण १८० प्रमाणे ५४० रियाल बुडाले. महिन्याला दोन हजारांवर, म्हणजे आपल्या उदाहरणात एका ब्युटिशियनच्या पगाराचा मोठा हिस्सा. यासाठी दोन तासांच्या कामांना ५० रियाल आगाऊ घ्या आणि बिलातून वळते करा. आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर आठवण द्या आणि तोपर्यंत रद्द केलं तर पैसे परत, हे आधीच सांगा. ५० रियालनं १८० ची भरपाई होत नाही. त्यांचा उपयोग एवढाच, की बाई न येता गप्प बसत नाही, फोन करते आणि ती वेळ वाट पाहणारीला देता येते. आयब्रोला मात्र आगाऊ रक्कम मागू नका. वीस रियालसाठी गिऱ्हाईक नाराज होईल.

शेवटचा आणि नाजूक विषय: कमिशन. पूर्ण विक्रीवर दहा टक्के दिले आणि ओळखीच्या बाईला ५० ची सूट दिली, तर ब्युटिशियनचे पाच जातात आणि मालकिणीचे ४५. मग सूट वाटायला कुणाचाच हात आखडत नाही. त्यापेक्षा माल वजा करून कमिशन द्या. २५० मधून ४५ गेले, उरलेल्या २०५ वर बारा टक्के म्हणजे सुमारे साडेचोवीस रियाल. तिची कमाई जवळपास तीच राहते. पण इथं एक खाच आहे. प्रत्यक्ष वापरलेला माल वजा केलात, तर ती कलर कमी लावेल, पांढरे केस डोकावतील आणि आठवड्यानं तेच काम फुकट करून द्यावं लागेल. म्हणून वजा करायचा तो कार्डावरचा ठरलेला माल. आणि दुरुस्तीच्या कामावर कमिशन नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा.

फक्त कमिशनवर माणूस ठेवता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. मार्च २०२१ पासून कतारमध्ये मूळ किमान वेतन महिना १,००० रियाल आहे. राहायची सोय दिली नाही तर आणखी ५००, जेवणाची दिली नाही तर ३००. पगार बँकेतूनच जायला हवा. कमिशन त्याच्या वर, आणि त्याची चिठ्ठी कामागणिक लिहिलेली, म्हणजे वाद होत नाहीत.

महिन्याचं लक्ष्य ठरवणार असाल, तर बारा महिन्यांना एकच आकडा लावू नका. रमजानमध्ये कामाची मर्यादा दिवसाला सहा तासांवर येते, दिवसा शुकशुकाट आणि ईदच्या आधी झुंबड. जुलै-ऑगस्टमध्ये निम्मी आपली मंडळी गावी. त्या महिन्यांत लक्ष्य हुकलं तर दोष ब्युटिशियनचा नसतो, आणि तिला तसं वाटलं तर ती शेजारच्या पार्लरमध्ये जाते, आपल्या नेहमीच्या बायका सोबत घेऊन.

तेव्हा जागेचा करार करण्याआधी उन्हाळ्याच्या दोन महिन्यांचा हिशेब वेगळा मांडा. खुर्च्या १०० पैकी ३५ तासच भरल्या, तर तास सुमारे ११४ रियालला पडतो. कलरचे ९० त्याला पुरत नाहीत. ती तूट भरायची रक्कम आधीच बाजूला असेल, तरच चौथी खुर्ची घ्या. नसेल, तर तीनवर सुरुवात करा.