चेहरा सर्वांत शेवटी वाचावा
(जुन्या नोटांच्या ओळखीविषयी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अनेक घरांत आजोबांच्या काळची एखादी ट्रंक असते. तीत जुन्या दस्तऐवजांबरोबर, घड्या पडून मऊ झालेली राजाच्या चित्राची एखादी नोट सापडते. घरातील मंडळी ती उजेडात धरतात आणि पहिलाच प्रश्न निघतो, "हा राजा कोणता?" मग सर्वांच्या नजरा त्या चेहऱ्यावर खिळतात आणि तेथेच चूक होते. नोटेचा जो भाग ओळखीसाठी सर्वांत कमी भरवशाचा, त्यावरच सारा भरवसा ठेवला जातो.

समजा, हाती आलेली नोट पाच रुपयांची आहे. भारतात राजाचे चित्र असलेल्या नोटांची नियमित मालिका १९२३ सालापासून निघू लागली. त्या वेळी गादीवर पंचम जॉर्ज होता. २० जानेवारी १९३६ रोजी तो निधन पावला. त्यानंतर आलेल्या आठव्या एडवर्डने त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्यत्याग केला आणि त्याचे चित्र भारतीय नोटांवर कधीच आले नाही. त्याच्यामागून सहावा जॉर्ज आला. म्हणजे निवड दोघांतच करावयाची आहे. पंचम जॉर्जला दाढी होती, सहाव्याला नव्हती. मग अडचण कसली, असे कोणी म्हणेल. परंतु दोघांच्याही मस्तकी मुकुट आहे, आणि घडी नेमकी हनुवटीवरून गेलेली असली की दाढी आणि मळ यांतील भेद उरत नाही. पाच-दहा रुपयांच्या त्या नोटांवर सालही छापलेले नसते आणि राजाचे नावही नसते.

अशा वेळी दृष्टी चेहऱ्यावरून काढून नोटेच्या माथ्यावर न्यावी. तेथे नोट काढणाऱ्याचे नाव असते. ते 'गव्हर्नमेंट ऑफ इंडिया' आहे की 'रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया', एवढेच पाहावे. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली खरी, परंतु आरंभीची काही वर्षे ती भारत सरकारच्या नावाच्याच नोटा चलनात आणीत होती. तिच्या स्वतःच्या नावाची पहिली नोट जानेवारी १९३८ मध्ये निघाली, आणि ती पाच रुपयांचीच होती. तोवर पंचम जॉर्जला जाऊन दोन वर्षे झाली होती. तेव्हा माथ्यावर रिझर्व्ह बँकेचे नाव असेल, तर खालचा चेहरा कितीही पुसट असो, तो सहाव्या जॉर्जचाच होय. पाच रुपयांच्या नोटेवर भारत सरकारचे नाव आणि राजाचे चित्र असेल, तर तो पंचम जॉर्ज.

दुसरा पुरावा सहीचा. येथे मात्र सावध राहावे लागते. रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ यांनी एकाही नोटेवर सही केली नाही. दुसरे गव्हर्नर सर जेम्स टेलर यांची सही १९३८ च्या नोटांवर आहे. म्हणून 'टेलर म्हणजे सहावा जॉर्ज' असे समीकरण काही जण मांडतात. ते चुकीचे आहे. गव्हर्नर होण्यापूर्वी टेलर सरकारच्या अर्थखात्यात होते आणि त्या काळातील पंचम जॉर्जच्या नोटांवरही त्यांचीच सही आढळते. एकच सही दोन राजांखाली आहे. निर्णय होतो तो सही आणि माथ्यावरचे नाव एकत्र वाचल्यावर.

सहीवरून नोटेचा दिवसही ठरत नाही. टेलर यांचे निधन फेब्रुवारी १९४३ मध्ये झाले. दोन रुपयांची नोट त्यानंतर मार्चमध्ये चलनात आली, तरी तिच्या पहिल्या छपाईवर सही टेलर यांचीच आहे. त्यांच्यानंतर ऑगस्ट १९४३ मध्ये रायगड जिल्ह्याचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख हे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांची सही असलेल्या नोटेवर राजा सहावा जॉर्जच असणार, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

आता चेहरा किती फसवतो, हे देशमुखांच्याच सहीच्या नोटांवरून पाहण्यासारखे आहे. आधीच्या नोटांवर राजा एका बाजूने दिसतो. युद्धकाळात जपान्यांनी उत्तम प्रतीच्या बनावट नोटा काढल्या. त्यांना आळा घालण्यासाठी १९४४ मध्ये भारतीय नोटेत प्रथमच सुरक्षा धागा घालण्यात आला, आणि राजाचे बाजूने काढलेले चित्र बदलून समोरून काढलेले चित्र आले. जलचिन्हही तसेच बदलले. या दोन नोटा शेजारी ठेवल्या तर नवखा माणूस खुशाल सांगेल की हे दोन निरनिराळे राजे आहेत. बँकेचे नाव तेच, सही तीच. माणूसही तोच, फक्त मान वळलेली.

याच्या उलटही घडते. चेहरा तोच राहतो आणि नोट परक्या देशाची होते. १९४५ मध्ये ब्रह्मदेशासाठी सहाव्या जॉर्जच्या भारतीय नोटांवर तेथील लष्करी प्रशासनाचे नाव आणि ही नोट केवळ ब्रह्मदेशातच चालेल, असा मजकूर वर छापला गेला. फाळणीनंतर १९४८ मध्ये पाकिस्तानसाठी अशाच नोटांवर 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' ही अक्षरे इंग्रजीत व उर्दूत आली. सही भारतीय अधिकाऱ्याचीच होती. अशा नोटेला संग्राहक साध्या नोटेपेक्षा अधिक किंमत देतात, आणि म्हणूनच साध्या नोटेवर नंतर अक्षरे उमटवून ती विकण्याचा मोह होतो. भिंग लावून पाहावे. वरची शाई घडीच्या भेगेत उतरलेली किंवा मळावर बसलेली दिसली, तर अक्षरे नोट वापरून झाल्यावर छापली गेली आहेत, हे उघड होते.

या साऱ्या पद्धतीला एक मोठा अपवाद आहे. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँक नव्हे, तर भारत सरकार काढते. त्यामुळे पंचम आणि सहावा, दोन्ही जॉर्जच्या एक रुपयाच्या नोटांवर माथ्याला भारत सरकारच आढळते आणि पहिली कसोटी निरुपयोगी ठरते. परंतु या नोटेवर रुपयाच्या नाण्याचे चित्र असते आणि त्यावर साल असते. १९३५ असेल तर पंचम, १९४० असेल तर सहावा. सहीही साक्ष देते. पहिलीवर केली यांची, दुसरीवर जोन्स यांची.

एक रुपयाच्या नोटेवरच ही राजांची मालिका संपली. १९४९ साली स्वतंत्र भारताची पहिली नवी नोट निघाली, तीही एक रुपयाचीच. राजाच्या जागी महात्मा गांधींचे चित्र घ्यावे, असा विचार आधी होता. अखेरीस अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष निवडले गेले. मात्र रिझर्व्ह बँकेच्या मोठ्या रकमेच्या नव्या नोटा १९५० मध्ये आल्या. तोवर राजाचेच चित्र आणि त्याखाली देशमुखांची सही हातोहात फिरत होती. म्हणून देशमुखांची सही असलेली राजाची नोट दाखवून कोणी ती पारतंत्र्यातलीच आहे असे ठामपणे सांगू लागला, तर ते मान्य करण्याचे कारण नाही. ती स्वतंत्र भारतात छापलेलीही असू शकेल.

तेव्हा ट्रंकेतली नोट हाती आली की प्रथम माथ्यावरचे नाव, मग रक्कम, मग सही, मग वर छापलेला जादा मजकूर, हा क्रम ठेवावा. चेहऱ्याकडे त्यानंतर पाहावे. तोवर तो कोणाचा हे बहुधा ठरलेले असते.