जाणाऱ्या मैत्रिणीशी बोलताना

आपल्या गटातली एखादी मोठ्या दुखण्यानं अंथरुणाला खिळते आणि डॉक्टर सांगतात, आता घरी न्या. मग आपण तिच्याकडे जायचं टाळतो, कारण काय बोलावं ते सुचत नाही. गेलोच तर "होशील गं बरी" म्हणून उठतो. पण बहुतेक वेळा तिला आपली तब्येत कळलेली असते. आपण असं म्हटलं की तिच्या मनातलं मनातच राहतं.

अमेरिकेतल्या आयरा बायॉक या डॉक्टरांनी शेवटच्या दुखण्यातल्या माणसांची अनेक वर्षं काळजी घेतली. ते चार गोष्टी बोलायला सांगतात: मला माफ कर, मी तुला माफ केलं, तुझे उपकार आहेत, माझा तुझ्यावर जीव आहे. आपल्या बोलीत हे कसं बोलायचं?

समजा, दोघी शेजारणींचं बांधावरून बिनसलं, बोलणं तुटलं. आता एक शेवटच्या दुखण्यात आहे. दुसरीनं एवढंच म्हणावं, "अक्का, माझ्या बाळंतपणात तू महिनाभर भाकरी-कालवण आणून दिलंस, ते मी विसरले नाही. बांधावरून मी तोडून बोलले, माफ कर. माझ्याही मनात आता काही नाही. तू माझ्या बहिणीसारखी आहेस."

सुरुवात अशा एका नेमक्या आठवणीनं करावी. बांध कुणाचा, चूक कुणाची, हे उकरू नये. तिनं तोंड फिरवलं तर आग्रह धरू नये. आपलंच मन अजून साफ नसेल, तर माफीचं खोटं बोलू नये. उपकाराचे दोन शब्द बोलावेत. या बोलण्यात मरणाचं नावही नाही. म्हणून घरच्यांनी तिला आजार सांगितला नसेल, तरी हे बोलता येतं.

जाण्याआधी तिचं करणाऱ्या बाईला विचारावं, ती जागी कधी असते, दुखणं कमी कधी असतं. मान न वळवता दिसू अशा जागी बसावं. दहा मिनिटं पुरेत. बळेच पाणी किंवा घास भरवू नये. गिळण्याची ताकद कमी झालेली असते, ठसका लागतो.

जाणं जमत नसेल तर मोबाईलवर आवाजी निरोप पाठवावा, एक मिनिटाच्या आतला. आधी आपलं नाव सांगावं, शेवटी म्हणावं, "उत्तर द्यायची गरज नाही." निरोप तिचं करणाऱ्या बाईच्या फोनवर पाठवावा आणि कानाजवळ हळू आवाजात लावायला सांगावा. तिनं डोळे उघडले नाहीत तरी लावावा, कारण त्या अवस्थेतही ऐकू येत असू शकतं. म्हणूनच तिच्या उशाशी दहाव्या-तेराव्याच्या गोष्टी काढू नयेत.

आणि उद्या जाऊ, असं म्हणू नये. शेवटच्या दिवसांत माणूस बराच वेळ झोपेतच असतो. ती मान डोलावू शकते, हात दाबू शकते, तोवरच जाऊन यावं.