पुरीचे वजन का वाढत नाही?

(इंदूर येथील एका शाळेच्या प्रार्थनासभेत केलेले छोटे भाषण)



तुम्ही उन्हात उभे आहात, म्हणून एकच गोष्ट सांगतो. ती आमच्या स्वयंपाकघरातली आहे.

मागच्या रविवारी घरी पुऱ्या व्हायच्या होत्या. मी तराजू घेऊन बसलो. पाव किलो, म्हणजे 250 ग्रॅम, कणीक भिजवली आणि तिच्या 20 लाट्या केल्या. एकेक लाटी साधारण 20 ग्रॅम भरली. तळून झाल्यावर पुरी तोलली, तर तीही जवळपास 20 ग्रॅमच! माझा पुतण्या म्हणाला, "काका, म्हणजे हिच्यात तेल गेलंच नाही."

मग आम्ही कढईकडे वळलो. तळण्यापूर्वी तेलासकट कढई तोलून ठेवली होती. संध्याकाळी ती पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तोलली. 90 ग्रॅम कमी भरली. त्यातले सुमारे 10 ग्रॅम पुऱ्यांखालच्या कागदाने टिपले होते, हे कागद तोलून कळले. उरलेले 80 ग्रॅम पुऱ्यांतच होते, म्हणजे एका पुरीत 4 ग्रॅम. तरी पुरीचे वजन वाढले नाही, कारण जितके तेल आत आले, जवळपास तितकेच पाणी वाफ होऊन बाहेर गेले होते.

फसगत होते ती इथेच. पाण्यात उष्मांक नसतात. एक ग्रॅम पिठूळ पदार्थातून सुमारे 4 कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेलातून 9. पाणी गेले आणि त्याच्या जागी तेल आले, तर वजन तेच राहते, आकार तोच दिसतो, उष्मांक मात्र वाढतात.

आता हिशेब करू. 250 ग्रॅम कणकेचे सुमारे 850 कॅलरी. तिचे 10 फुलके केले, तर तुपाशिवायचा एक फुलका 85 कॅलरींचा. त्याच कणकेच्या 20 पुऱ्या केल्या, तर पुरीत कणीक फुलक्याच्या निम्मी, म्हणजे साडेबेचाळीस कॅलरींची. त्यात 4 ग्रॅम तेलाचे 36 मिळवा. झाले सुमारे 79. तळहातावर मावणारी पुरी जवळपास अख्ख्या फुलक्याची बरोबरी करते. दोन फुलक्यांवर थांबणारे आपण पुऱ्या मात्र चार सहज खातो. कणीक दोन्हीकडे सारखीच पोटात जाते, पण फुलक्यांचे 170 कॅलरी होतात आणि पुऱ्यांचे 314.

पण तेल आत शिरते कधी? पुरी तेलात असताना, असे वाटेल. पण तेव्हा आतली वाफ जोराने बाहेर येत असते, ते बुडबुडे दिसतात ना, आणि ती तेलाला फारसे आत येऊ देत नाही. पुरी बाहेर काढली की ती निवू लागते, आतली वाफ पुन्हा पाणी होते, आतला दाब घटतो आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल छिद्रांतून आत ओढले जाते. म्हणून पुरी झाऱ्यावर उभी धरून कढईच्या काठाशी गरम असतानाच निथळू द्यावी. गार झाल्यावर कागदाने टिपून फारसा उपयोग नाही, तोवर तेल आत पोचलेले असते. तेल नीट तापलेले नसेल, तर पुरी फुगत नाही, कढईत जास्त वेळ राहते आणि तेलकट होते. निथळल्याने थोडे तेल वाचते, पुरीचा फुलका काही होत नाही.

आपल्या इंदूरच्या पोह्यांवर शेव हवीच. ती बारीक, हलकी, कुरकुरीत. कुरकुरीत म्हणजे तिच्यातले पाणी जवळजवळ सगळे गेलेले. 20 ग्रॅम शेव म्हणजे लहानशी मूठ. तिचे सुमारे 110 कॅलरी होतात, एका फुलक्याहून जास्त. ती पोह्यांवर भुरभुरलेली असते, म्हणून आपण ती मोजतच नाही.

तळलेले खाऊ नका, असे सांगायला मी आलेलो नाही. सणाला पुरी हवी, आणि तुमच्या वाढत्या वयाला तेल-तुपाचीही गरज असते. कुणाच्या अंगावरून त्याचे ताट मोजू नका, तेही बरे नव्हे. एवढेच लक्षात ठेवा की तळलेल्या पदार्थाचे माप डोळ्यांना आणि तराजूलाही कळत नाही. ते कढईला कळते. घरी तळण झाले, की कढई पूर्ण गार होऊ द्या, मोठ्यांना सोबत घ्या आणि तेल किती कमी झाले ते तोलून पाहा. आलेल्या आकड्याला 9 ने गुणा आणि तळलेल्या नगांनी भागा. एका नगात तेलाचे किती कॅलरी गेले, ते तुमचे तुम्हालाच कळेल.