एक रिंग आणि कट

समजा, रात्री दोन वाजता फोन एकदाच वाजला आणि कट झाला. स्क्रीनवर नंबर +257 22 ने सुरू होणारा. परत लावायचा का? आधी नंबर नीट वाचूया.

प्लसच्या पुढचे आकडे बघा. भारताचा कोड 91. 257 म्हणजे आफ्रिकेतला बुरुंडी. मग लांबी मोजा. आपल्या मोबाईलला +91 नंतर दहा आकडे असतात, इथे कोडनंतर आठच आहेत. तिसरी खूण वाजण्याची. ज्याला खरंच बोलायचंय, तो फोन वाजू देतो. एका रिंगमध्ये कट करणाऱ्याला तुमचा उलटा कॉल हवा असतो.

या फसवणुकीला जपानी शब्दावरून ‘वानगिरी’ म्हणतात. नुसत्या मिस्ड कॉलने पैसे जात नाहीत. तुम्ही परत लावलात की आयएसडी दराने बिल चढतं आणि त्यातला वाटा त्यांना मिळतो. म्हणूनच पलीकडे रेकॉर्डिंग लावून तुम्हाला लाईनवर ठेवतात.

पण +91 दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका, दिसणारा नंबर बनावटही असू शकतो. आणि तिकडे ओळखीचं कुणी असेल, तर त्यांच्या सेव्ह केलेल्या नंबरवर मेसेज करून विचारा. नसेल, तर सरळ ब्लॉक करा.