उभे, मधले : माझे आजोबा
(वसंत व्याख्यानमालेत फर्दापूर येथे दिलेले व्याख्यान)



आमच्या घरात पत्र्याच्या एका डब्यात पोस्टकार्डाएवढा एक फोटो आहे. त्यात पाच जण आहेत, सगळे लष्करी गणवेशात. दोघे खुर्चीवर बसलेत, तिघे मागे उभे आहेत. उभ्यांतले मधले माझे आजोबा. उरलेल्या चौघांची नावं घरात कुणाला माहीत नाहीत. मागच्या बाजूला जांभळ्या शाईचा पुसट शिक्का आहे. त्यात 'बेळगाव' एवढंच वाचता येतं, स्टुडिओचं नाव झिजून गेलंय.

लहानपणापासून मी एकच ऐकत आलो. आत्या सांगायची, "हे पाचही जण आपल्याच पंचक्रोशीतले. लढाईवर जायच्या आधी एकेचाळीस साली काढलाय फोटो." ही माणसं गावातल्या कुणाचे तरी आजोबा असणार, त्यांच्या घरी या फोटोची प्रत गेली पाहिजे, असं मला मनापासून वाटायचं. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी एका अभिलेखागाराला पत्र लिहिलं. ते चार ओळींचं होतं. 'सोबत आजोबांचा 1941 सालचा फोटो जोडला आहे. सोबतचे चौघे फर्दापूर परिसरातले आहेत. कृपया त्यांची नावं कळवावीत.'

उत्तर आलं, आणि फार सभ्य आलं. या मजकुरावरून शोध घेता येत नाही, असं त्यात होतं. ते खरंच होतं. त्या पत्रातलं साल ऐकीव होतं, गाव ऐकीव होतं, आणि मी दोन्ही गोष्टी पाहिल्यासारख्या लिहिल्या होत्या.

ही चूक किती मोठी होऊ शकते, हे आपल्या गावापासून हाकेच्या अंतरावर पाहायला मिळतं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात दरबाराचं एक चित्र आहे. टोकदार टोप्या घातलेले, दाढीवाले परदेशी लोक राजापुढे नजराणे घेऊन उभे आहेत. 1879 साली जेम्स फर्ग्युसन यांनी लिहिलं की हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी, आणि समोर इराणचा बादशहा दुसरा खुस्रो याचे वकील. आधार होता तबरीच्या इतिहासाचा. खुस्रो आणि एका भारतीय राजामध्ये पत्रं आणि भेटी गेल्या-आल्याचा उल्लेख त्यात आहे. ग्रंथातलं नाव भिंतीवरच्या चेहऱ्याला चिकटलं आणि पुस्तकांतून पिढ्यानपिढ्या फिरलं. पण पुलकेशी सातव्या शतकातला. पहिलं लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, म्हणजे पाचव्या शतकातलं, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. मग ते चित्र पुलकेशीच्या जन्माआधीचं ठरतं. दृश्य जातककथेतलं असावं, असं म्हणतात. फर्ग्युसन मोठा विद्वान होता. त्याने चित्र कधीचं, हे आधी ठरवलं नाही. माणसं कोण, हे आधी ठरवलं.

मी तेच केलं होतं. म्हणून दुसऱ्या पत्राआधी चेहरे बाजूला ठेवले आणि फोटो कधीचा, एवढंच पाहायचं ठरवलं.

पहिलं काम, फोटो उलटा छापलेला तर नाही ना, हे पाहणं. काच उलटी धरून प्रत काढली, तर डावं उजवं होतं आणि पुढचं सगळं वाचन चुकतं. पुरुषाच्या सदऱ्यात डावी बाजू उजवीवर येते.  आमच्या फोटोत तसंच होतं, म्हणजे छपाई सुलट.

मग टोपीवरचं चिन्ह. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन उन्हात बसलो. आजोबांचं चिन्ह चकाकीत गेलंय, पण उजवीकडे उभ्या असलेल्याचं स्पष्ट आहे. दोर बांधलेलं रणशिंग. हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचं चिन्ह. हे का पाहायचं, तर नुसत्या 'बेळगाव'वरून पलटण ठरत नाही. महार रेजिमेंटही 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावलाच उभी राहिली, आणि तिच्या सुरुवातीच्या चिन्हात भीमा कोरेगावचा स्तंभ होता. रणशिंग की स्तंभ, एवढ्या एका फरकावर पत्र कुठल्या दप्तराकडे जाणार ते ठरतं.

बाह्यांवरच्या पट्ट्या सोप्या असतात. एक असली तर लान्स नाईक, दोन असल्या तर नाईक, तीन असल्या तर हवालदार. डावीकडे बसलेल्याच्या बाहीवर तीन आहेत. आजोबांच्या बाहीवर एकही नाही.

आणि मग त्याच हवालदाराच्या खिशाच्या वर मला दोन छोट्या फिती दिसल्या. इतकी वर्षं फोटो हातात होता, मी त्या कधी पाहिल्याच नव्हत्या. पहिलीत तीन सारखे पट्टे. दुसरी फिकट, आणि तिच्या मधोमध रुंद काळा पट्टा. आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. त्या काळी पुष्कळ स्टुडिओंत लाल रंग न पकडणारी फिल्म वापरात होती. लाल रंग तिच्यात जवळजवळ काळा उमटतो आणि निळा फिकट येतो. म्हणजे तो काळा पट्टा मुळात लाल असू शकतो. फिकट पिवळसर जमिनीवर मधोमध रुंद लाल, ही आफ्रिका स्टारची फीत. तीन सारख्या पट्ट्यांची, गडद निळा, लाल आणि फिकट निळा अशी, तिच्याशेजारी 1939–43 स्टारची असते. पुढे त्याच पदकाचं नाव 1939–45 स्टार झालं.

आणि ही दोन्ही पदकं सुरूच झाली जुलै 1943 मध्ये. त्याआधी त्या फिती कुणाच्याही छातीवर असू शकत नाहीत.

आत्याचं एकेचाळीस साल तिथे मिटलं. फिती मी बरोबर वाचल्या असतील, तर हा फोटो 1943 च्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा आहे. त्या हवालदाराने उत्तर आफ्रिकेत किंवा एरिट्रियात लढाई पाहिलेली आहे. मराठा पलटणीची तिसरी बटालियन 1941 मध्ये केरेनच्या डोंगरावर लढली होती. दुसरी बटालियन जून 1942 मध्ये तोब्रुकला वेढ्यात सापडली. हवालदार या दोन्हींपैकी कुठला, हे फोटो सांगत नाही. पण एवढं नक्की की हे पाच जण गावाहून एकत्र निघालेले नवे जवान नव्हेत. एक जण लढून परत बेळगावच्या प्रशिक्षण केंद्रावर आलेला आहे. बाकीचे त्याच्या हाताखाली शिकत असतील. मग ते फर्दापूरचेच असण्याचं कारण उरत नाही. कोकणातले असतील, साताऱ्याकडचे असतील. मी इतके दिवस चुकीच्या पंचक्रोशीत विचारत होतो.

दुसरं पत्र मी तुम्हाला वाचून दाखवतो.

'महोदय, सोबत एका फोटोच्या दोन्ही बाजूंच्या प्रती आहेत. मूळ फोटो 9 बाय 14 सेंटिमीटर, तो माझ्याकडेच आहे. बघणाऱ्याच्या डावीकडून, बसलेल्यांना 1 आणि 2, उभ्यांना 3, 4, 5 असे क्रमांक दिले आहेत. क्रमांक प्रतीवर आहेत, मूळ फोटोवर काही लिहिलेले नाही.

दिसते ते असे : मागे बेळगावचा शिक्का. क्र. 5 च्या टोपीवर रणशिंगाचे चिन्ह. क्र. 1 च्या बाहीवर तीन पट्ट्या आणि छातीवर दोन फिती. फितींचा मोठा केलेला तुकडा वेगळा जोडला आहे.

ऐकलेले ते असे : क्र. 4 माझे आजोबा. हे आत्याने आणि गावातल्या एका वृद्धांनी वेगवेगळे ओळखले. आजोबांची भरती जळगावला झाली असे घरात सांगतात.

माझा तर्क असा : फोटो जुलै 1943 नंतरचा असावा.

माझा प्रश्न एकच आहे. 1943 ते 1945 या काळात बेळगावच्या केंद्रात काढलेले, नावे लिहिलेले गटफोटो आपल्याकडे किंवा आपल्या माहितीत आहेत काय, ज्यांच्याशी क्र. 1 चा चेहरा ताडून पाहता येईल? नसल्यास कुठे विचारावे?'

यातल्या जळगावच्या ओळीबद्दल थोडं सांगतो. तेव्हा आपलं गाव निजामाच्या हद्दीत होतं आणि हद्द ओलांडली की इंग्रजांचा पूर्व खानदेश. आजोबा पलीकडे जाऊन भरती झाले असतील, तर कागदावर त्यांचा जिल्हा औरंगाबाद असेलच असं नाही. ही ओळ नसती तर शोधणारा भलत्याच वहीत शोधत बसला असता. प्रश्नही एकच ठेवला, कारण 'चौघांची नावं सांगा' याला अभिलेखागारातल्या माणसाला हातात घेण्यासारखं काही नसतं. 'अमुक काळातले नावांसकट फोटो आहेत का' याला तो उठून कपाट उघडू शकतो.

या वेळी उत्तरात वाट होती. जवानांच्या नोकरीचे कागद नागरी अभिलेखागारात नसतात, पलटणीच्या अभिलेख कार्यालयात असतात, तेव्हा बेळगावला लिहा. आणि निवृत्तिवेतनाच्या नोंदींसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. त्यांनी आणखी एक सुचवलं. युद्धात मेलेल्यांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर आहे, आणि पुष्कळ भारतीय जवानांच्या नोंदीत वडिलांचं नाव आणि गावही दिलेलं असतं. नाव माहीत नसलं तरी गावावरून शोधता येतं. फक्त स्पेलिंग सांभाळावं लागतं. आपलाच तालुका Soegaon असाही लिहितात आणि Soygaon असाही. जिवंत परत आलेल्यांना मात्र त्या यादीत जागा नाही, आणि माझा हवालदार या फोटोनंतर गेला की घरी परतला, ते मला माहीत नाही.

चेहरा ओळखण्याबद्दल एक सांगतो, कारण इथे सगळ्यात जास्त बिघडतं. म्हाताऱ्या माणसापुढे फोटो धरून "हे अमुकच ना हो?" असं विचारलं, की ते "हो हो, तेच" म्हणतात. खोटं बोलतात असं नव्हे, आपण त्यांच्या तोंडात नाव घालतो. चार माणसांत विचारलं, तर पहिला बोलतो ते बाकीच्यांना आठवायला लागतं. म्हणून नाव न उच्चारता विचारावं, एकेकट्याला विचारावं, आणि "कशावरून?" हे विचारून उत्तर त्यांच्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवावं. एकमेकांशी न बोललेल्या दोघांनी तेच नाव घेतलं, तर ते पेन्सिलीने पाकिटावर लिहावं. फोटोच्या पाठीवर नको. एकाच माणसाने सांगितलं असेल, तर पुढे प्रश्नचिन्ह द्यावं. पाच जणांपैकी आमच्या पाकिटावर आज एकच नाव आहे, आजोबांचं.

बेळगावच्या उत्तराची मी वाट पाहतो आहे. पण आत्याचं सगळंच चुकलं असेल असंही मी धरून चालत नाही. चौघांपैकी एखादा इकडचा असूही शकतो.

म्हणून आज मोठी केलेली प्रत आणली आहे. सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवली आहे, शेजारी कागद आणि पेन्सिली आहेत. जाताना एकेकट्याने पाहा. शेजाऱ्याला काही बोलू नका. कुणी ओळखीचं वाटलं, तर क्रमांक लिहा, नाव लिहा, आणि कशावरून वाटलं ते लिहा. घरात सत्तरी-ऐंशीतलं कुणी असेल आणि इथवर येऊ शकत नसेल, तर मला निरोप द्या. उद्या सकाळी प्रत घेऊन मी त्यांच्याकडे येईन.