अकॅडमीत लेकरू घालताना विचारायचे नियम



आपल्या रोहिणखेडच्या पट्ट्यातली लेकरं आता कबड्डीच्या, कुस्तीच्या, पोलीस भरतीच्या अकॅडमीत जातात. फी किती, मैदान कसं, जेवण कसं, हे आपण विचारतो. पण लेकरांच्या सुरक्षेचे नियम कागदावर लिहिलेले आहेत का, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न लहानमोठ्या सगळ्या संघांचा आहे. 2022 साली आपल्या देशाचा 17 वर्षांखालील मुलींचा फुटबॉल संघ युरोपच्या दौऱ्यावर होता. तिथं सहायक प्रशिक्षकाच्या गैरवर्तनाची तक्रार झाली. त्याला दौऱ्यातूनच परत बोलावलं आणि पुढं पदावरून काढलं. देशाच्या संघात असं घडू शकतं, तर आपल्या गावच्या अकॅडमीत नियम हवेतच.

सगळ्या नियमांचं मूळ एकच. मोठं माणूस आणि लेकरू कुणालाच दिसणार नाही अशा जागी एकटे राहू नयेत. सर कितीही भले असोत, नियम सगळ्यांना सारखा. त्यानं चांगल्या सरांवरही उगाच आळ येत नाही.

समजा, आपली चौदा वर्षांची पोर कबड्डीच्या सामन्याला मलकापूरला चालली. तिच्यासोबत हे नियम लावून बघू.

पहिला नियम प्रवासाचा. आधी घरी चिठ्ठी यावी. गाडी कोणती, चालक कोण, सोबत बाई कोण, मुक्काम कुठं, परत किती वाजता, हे सगळं तिच्यात असावं आणि खाली आईबापाची सही. सरांच्या मोटरसायकलवर एकट्या लेकरानं बसायचं नाही. परत येताना खरी अडचण शेवटच्या लेकराची असते. सगळी उतरतात आणि एकच पोर गाडीत उरते. म्हणून शेवटच्या थांब्यावर दोन लेकरं एकत्र उतरवावीत, नाहीतर घरच्यांनी तिथं हजर राहावं. मुक्काम असेल तर लेकरांच्या खोल्या वेगळ्या, मोठ्यांच्या वेगळ्या. खेळाची चर्चा हॉलमध्ये किंवा अंगणात, सरांच्या खोलीत नाही.

दुसरा नियम कपडे बदलण्याच्या खोलीचा. मुलींच्या खोलीबाहेर बाईनं उभं राहावं. आत जायची वेळ आली तर दार वाजवून, आवाज देऊन, आणि दोघींनी मिळून जावं. आत मोबाईल कुणीच न्यायचा नाही, लेकरांनीही नाही. मुलांनाही हाच नियम, फक्त दाराशी पुरुष उभा राहील. थोर पोरं आणि लहान पोरं एकाच वेळी आत नकोत, कारण त्रास कधीकधी थोर पोरांकडूनच होतो. मैदानावर खोलीच नसेल तर साडीचा आडोसा करा आणि एक आई पहाऱ्याला ठेवा. अकॅडमीत बाई नसेल तर बचत गटातल्या आयांनी पाळ्या लावाव्यात.

तिसरा नियम मोबाईलचा. सराव किती वाजता, गाडी कधी, हे निरोप ग्रुपवरच यावेत आणि त्या ग्रुपमध्ये प्रत्येक लेकराच्या घरचं एक माणूस असावं. सरांनी लेकराला वेगळा मेसेज करायचा नाही. पोरीनंच सरांना वेगळं विचारलं, तर सरांनी उत्तर ग्रुपवर द्यावं किंवा आईला फोन करावा. रात्री उशिरा मेसेज, फोटो मागणं, आपोआप पुसले जाणारे मेसेज, एकाच लेकराला भेटवस्तू, आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे "घरी सांगू नको". एवढं दिसलं की सावध व्हा.

नियम मोडला तर तक्रार कुणाकडं करायची, तेही कागदावर असावं. तो माणूस प्रशिक्षक नसावा, नाहीतर तक्रार ज्याची, त्याच्याकडंच जाईल.

आता कायद्याचं. 2012 चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांना लागू आहे. वाईट हेतूनं लेकराला पुन्हापुन्हा मेसेज करणं हाही त्यात गुन्हा आहे. असा गुन्हा कळला तर पोलिसांना कळवणं सगळ्यांनाच बंधनकारक आहे. अकॅडमीच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून "गावात बसून मिटवू" हे चालत नाही.

लेकरानं काही सांगितलं तर शांतपणे ऐका. "तू तिथं गेलीच कशाला?" असं विचारू नका. खोदून खोदून चौकशीही करू नका, ते काम पोलिसांचं. मोबाईलमधले मेसेज पुसू नका, तोच पुरावा. मग 1098 वर किंवा पोलिसांना फोन करा. लेकराला ठाण्यात बसावं लागत नाही. जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते, आणि तीही वर्दीत नसते. लेकराचं नाव छापायलाही मनाई आहे.

कागदावर सगळं लिहिलं म्हणून धोका संपत नाही. लेकरू एकाएकी सरावाला जायला नको म्हणू लागलं, मोबाईल लपवू लागलं, तर आळस म्हणून रागावू नका. जवळ बसवून विचारा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. कुणाचं लेकरू कोणत्या अकॅडमीत जातं ते लिहून काढा, आणि दोघी-तिघी मिळून तिथं जाऊन नियमांचा कागद मागा. कागद नसेल तर आज सांगितलेले नियम त्यांच्याकडून लिहून आणि सही करून घ्या.