प्रगतिपुस्तकातील एक ओळ



नुकतेच इंग्लंडात गेलेले पालक मुलाचे मराठी प्रगतिपुस्तक तेथील शाळेसाठी इंग्रजीत करून मागतात, तेव्हा आम्हांस सर्वांत जपावे लागते ते शिक्षकांच्या शेऱ्यांना. तिसरीतील एका मुलाविषयी बाईंनी लिहिले होते : ‘श्रुतलेखनात जोडाक्षरे चुकतात. सराव हवा.’ जोडाक्षरांना ‘जॉइंड लेटर्स’ म्हटले, तर तेथील शिक्षक अक्षरे एकमेकांस जोडून लिहिण्याचे वळण समजतील. नुसते ‘स्पेलिंग’ म्हटले, तर मूल इंग्रजीत कच्चे वाटेल. म्हणून आम्ही आरंभीच ‘मराठी डिक्टेशन’ असे लिहिले, ‘कॉन्जंक्ट्स’ हा शब्द योजला आणि दोन वा अधिक व्यंजने मिळून होणारे एक चिन्ह, हा त्याचा अर्थ तेथेच इंग्रजीत दिला. ‘मराठी’ हा शब्द शेऱ्यात नव्हता. तो विषयाच्या रकान्यातून घेतला. वाचनाविषयी बाईंनी काही लिहिले नव्हते, म्हणून आम्हीही लिहिले नाही.

शेवटी ते इंग्रजी मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून मराठीत सांगवून घ्यावे. बाईंचेच म्हणणे परत आले, तर भाषांतर उतरले. काही वाढले वा गळले, तर तेवढे वाक्य पुन्हा लिहावे.